जात्यावर घेतलेला आळ

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी दारव्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, आणि रोज सकाळी माझा जबडा दुखत होता. दात नव्हे, जबडा. कानाच्या खालपासून गालापर्यंत, रात्रभर कोणी उसाची कांडकी चावायला लावल्यासारखा. जांभई आली की डोळ्यांत पाणी यायचं. नऊ-दहा वाजेपर्यंत दुखणं आपोआप ओसरायचं आणि दुपारी मी ते विसरूनही जायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. हे काय झेंगट मागे लागलं, मला काही उमजेना.

एका रविवारी दाढी करताना आरशात तोंड उघडून पाहिलं आणि हबकलोच. माझे सुळे सपाट झाले होते. पुढच्या दातांच्या कडाही अशा घासल्या होत्या, की वय अठ्ठावीस आणि दात साठीचे. थंड पाणी लागलं तर कळ जायची.

आता दात पाहणं हा तर माझा रोजचा धंदा. बैलबाजाराच्या दिवशी सौद्यावरून भांडण झालं की लोक बैल घेऊन माझ्याकडे यायचे. मी ओठ वर करून सांगायचो, हा चार दाती, हा सहा दाती, याचं वय झालं, उगीच जवान म्हणून गळ्यात मारू नका. कंपाउंडर असूनही लोक मला डाक्टरच म्हणत, आणि माझ्या शब्दापुढे कोणी जात नसे. आणि मला हेही ठाऊक होतं, की रेताड जागी चरणाऱ्या जनावराचे दात लवकर झिजतात. झालं. मला माझं निदान सापडलं. मी रेती खातो आहे!

आणि रेती येणार कुठून? मावशीच्या जात्यातून.

मावशी म्हणजे आमची खानावळवाली. नवरा वारल्यावर घरच्या ओसरीवर चार माणसांना जेवू घालून पोट भरणारी बाई. दोन मास्तर, कापसाच्या जिनातला एक कारकून आणि मी. बाजारपेठेत चक्की आली होती, पण मावशी ज्वारी घरच्या जात्यावरच दळायची. चक्कीचं पीठ जळकं लागते म्हणायची. महिनाभरापूर्वीच तिनं जात्याला टाकी मारून घेतली होती. जात्याची दगडी पाळी गुळगुळीत झाली की छिन्नीनं तिला पुन्हा खरबरीत करतात, ते टाकीचं काम. टाकी मारलेल्या जात्यातून पहिले काही दिवस दगडाची कच येते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. म्हणून पहिलं दळण माणसं खात नाहीत, गुरांना घालतात. मावशीनं ते घातलं की नाही, एवढं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. जबडा मात्र टाकीच्या आधीपासून दुखत होता, तेही माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं गरम झालं की माझं असंच होतं.

त्या दिवशी पानावर बसलो, पहिला घास घेतला आणि भाकर ताटात आपटली. तिघांसमोर तोंड उघडून दात दाखवले.

"मावशी, हे पाहा. तुमच्या पिठात रेती हाये. माझे दात झिजले ते तुमच्या जात्यानं."

मावशीच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. "काय बोलून राह्यले डाक्टर? पहिलं दळण मी शेजारच्या गाईले घातलं. पायलीभर."

"गाईचे दात मी पाहीन मग," मी म्हणालो. मास्तर हसले. मला तेव्हा ती फार हुशारीची गोष्ट वाटली होती. आज आठवलं की कानशिलं तापतात.

मावशीनं परातीतलं चिमूटभर कोरडं पीठ उचललं, सगळ्यांसमोर तोंडात टाकलं आणि चावलं. "कचकच वाजली का? सांगा, वाजली का?" दाताची पारख करणाऱ्या माणसाचा शब्द आणि भाकऱ्या थापणाऱ्या बाईचा शब्द, लोक कोणता धरणार? आठवड्याच्या आत कारकून गेला, मग दोघं मास्तर गेले. मी तर त्याच दिवशी उठलो होतो. महिन्याभरात मावशीची चूल एका माणसापुरती पेटायला लागली, आणि ती जिनात कपाशीतला कचरा निवडायला जाऊ लागली. हे मला दवाखान्याच्या चपराशानं सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, चार माणसांचे दात वाचले. असा मी गाढव.

मी हॉटेलात जेवू लागलो. चक्कीचं पीठ, मऊ पोळ्या. तीन आठवडे गेले, आणि जबडा? होता तसाच. उलट जास्तच. मी चक्रावलो. रेती नाही, जातं नाही, तरी हे काय? चक्कीलाही टाकी मारली काय? मी खरंच त्या चक्कीवाल्याला जाऊन विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप परत फिरलो.

मग एका दुपारी दवाखान्यातल्या बाकावर माझा डोळा लागला. जागा झालो तर समोर बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा एक म्हातारा, सुजलेल्या खुराचा बैल बांधून, माझ्याकडे टक लावून बसलेला.

"काहून उठवलं नाही बाबा?"

"साहेब, तुमी झोपेत दात खाऊन राह्यले होते," म्हातारा म्हणाला. "करकर, करकर. बैल बिचकला ना माझा! आमच्या तांड्यात लेकरू असं करते तं पोटात जंत हाये म्हंतात."

मी एकटा राहायचो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझ्याशिवाय उंदीर तेवढे. मला कोण सांगणार? मला त्याचं खरंच वाटेना. आपण करतो आणि आपल्यालाच ठाऊक नाही, असं कसं? तरी वावडिंग खाल्लं, वर एरंडेल घेतलं. एक अख्खा दिवस कुठं काढला ते सांगत नाही. जंत एकही पडला नाही, आणि दुसऱ्या सकाळी जबडा असा धरला, की तोंडात दोन बोटं उभी जाईनात. तेव्हा मात्र घाबरलो आणि एस.टी.नं यवतमाळ गाठलं.

दातांचे डॉक्टर वयानं मोठे, बोलायला सावकाश. मी बसल्याबरोबर जातं, टाकी, रेती, बैलांचे दात, म्हाताऱ्याचं बोलणं, सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग माझ्या गालांवर बोटं ठेवून म्हणाले, "दात आवळा." आवळले तर त्यांच्या बोटांखाली दोन्हीकडे टणक गोळे उठले. दाबल्यावर मी कळवळलो. "कधी दुखतं? जेवल्यावर?" "नाही, उठल्यावर." "जिभेच्या कडा पाहा," म्हणून त्यांनी आरसा दिला. कडांवर दातांचे ठसे उमटलेले. गालाच्या आतही एक पांढरी रेघ.

"तुम्ही भाकर कशानं चावता?"

"दाढांनी."

"मग रेतीनं आधी काय झिजायला हवं?"

मी आरशात पुन्हा पाहिलं. दाढा त्या मानानं बऱ्या होत्या, झिजले होते सुळे. मग त्यांनी मला खालचा जबडा एका बाजूला सरकवायला लावला. खालच्या सुळ्याचा सपाट भाग वरच्या सुळ्याच्या सपाट भागावर नेमका बसला, किंचितही फट नाही. "असं तोंड करून कोणी जेवतं का? हे झोपेत घासलं आहे. तुमच्या म्हाताऱ्यानं बरोबर ऐकलं, जंताचं तेवढं सोडा." मग हसून म्हणाले, "आणि बैलाला वरचे पुढचे दात असतात का हो?"

"नसतात," मी म्हणालो. मरणाची लाज वाटली. हे तर मीच दुनियेला शिकवायचो, आणि बैलाचाच हिशेब माझ्या तोंडाला लावला होता!

"बरं, त्या खानावळीत बाकी लोक जेवत होते ना? त्यांचे दात कसे आहेत?"

दर बाजाराला शंभर जनावरांच्या तोंडात हात घालणारा मी. त्या तिघांपैकी एकाच्याही तोंडात डोकावलो नव्हतो.

का होतं हे, ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता येईना. काळजीनं वाढतं म्हणाले, कडक चहा-बिडीनं वाढतं, काहींना काहीच कारण नसतं. माझा संध्याकाळचा तीन कप चहा आणि बिड्या त्यांनी बंद केल्या. जबड्याला गरम पाण्याचा शेक, काही दिवस मऊ जेवण, सुपारी नाही. दिवसाही मधूनमधून पाहायचं, दात एकमेकांवर टेकलेले तर नाहीत? ओठ मिटलेले, दात सुटे, अशी सवय. पुढच्या खेपेला त्यांनी साच्यावरून कवळीच्या प्लास्टिकची एक पट्टी केली, वरच्या दातांवर बसणारी. ठसा कुठं उमटतो ते पाहायला निळा कागद चाववून, टोचेल तिथं घासून बसवली. "यानं घासणं थांबेलच असं नाही," म्हणाले, "पण दात वाचतील. गेलेला दात मात्र परत वाढत नाही." तीन आठवड्यांत सकाळचं दुखणं निम्म्यावर आलं. पट्टीवर ओरखडे दिसू लागले, आणि ते माझ्याच दातांचे होते. आता नाकारणार कुठं?

मी मावशीकडे गेलो. ती जिनातून नुकतीच आली होती, केसांत कापूस. मी सगळं सांगितलं, पट्टी दाखवली, माफी मागितली. तिनं पट्टीकडे पाहिलंही नाही.

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. "माझ्या पिठात रेती नाही हे मले माहीत होतं. ज्यायच्यापुढे बोलले, त्यायले सांगा."

गेलो. हॉटेलात, भरल्या गर्दीत, दोघं मास्तर आणि कारकून बसले होते तिथं उभं राहून सांगितलं, की चूक माझी, मावशीचं पीठ स्वच्छ, दात मीच झोपेत घासले. लोक पोट धरून हसले. "डाक्टर, तुमचं वय किती दाती?" एकानं विचारलं. हसू दिलं. हसण्यासारखंच होतं ते.

पुढच्या सोमवारी तिघंही मावशीच्या ओसरीवर परतले. मीही गेलो, हातपाय धुतले. पाहतो तर पानं तीनच.

"मावशी, माझं पान?"

"नाही लावलं." ती भाकर थापत राहिली. "तुमचा माझ्या पिठावर भरोसा नव्हता ना?"

"आता बसला ना, मावशी."

"तुमचा बसला," तिनं तव्यावरची भाकर उलटली. "माझा तुमच्यावर कुठं बसला?"