सरांच्या कोडचं लायसन्स

आमचे सर गेले त्याला तेव्हा चार महिने झाले होते. वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात ते माझे सीनिअर. राहायला डोंबिवलीत, मानपाड्याला. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आज उघडला की नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतात. तो पुन्हा वाचता येईल असा करणारा कोड सरांनी सुट्टीच्या दिवशी घरी बसून लिहिला आणि नेटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवून दिला. ऑफिसचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी अधूनमधून त्यातल्या चुका दुरुस्त करायचे, म्हणून तिथे फायली बदलायची मुभा त्यांनी मला दिलेली.

त्याच कोडच्या जिवावर मी एक प्रोग्राम बांधला. कल्याणच्या एका वाचनालयाला आपले जुने अहवाल त्यातून वाचता येण्याजोगे करायचे होते. मला तो सगळ्यांसाठीच खुला करायचा होता. सरांचं काम कपाटात पडून राहू नये, एवढीच इच्छा. इतरांनी तो कसा वापरायचा हे सांगणारं लायसन्स म्हणून मी डोळे झाकून एमआयटी नावाचं निवडलं. कुणीही घ्या, काहीही करा, फक्त नावाची नोटीस काढू नका, असा त्याचा सरळ मामला. मग मी वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचं, म्हणजे इतरांच्या तयार कोडचं, लायसन्स तपासणारं टूल चालवलं. एमआयटी, एमआयटी, अपाची, म्हणजे तसंच आणखी एक मोकळं लायसन्स. आणि सरांच्या कोडपुढे: माहीत नाही.

अहो, लायसन्सची फाइलच नव्हती! नेटवर उघडं ठेवलं म्हणजे सगळ्यांचं झालं, असं मी इतकी वर्षं धरून चाललेले. तसं नसतं. काही लिहिलं नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याचेच. अंगणात सायकल दिसते म्हणून ती आपली होत नाही. परवानगी हवी, आणि ती देणारा माणूसच राहिला नव्हता.

शेजारच्या डेस्कवरचा मित्र म्हणाला, "तुझ्याकडे अ‍ॅक्सेस आहे ना? मग टाक की फाइल. सर काय भांडायला येणारेत?"

मी त्याच्यावर अशी उखडले की तो चहाला निघून गेला. आणि तासाभराने मी तेच केलं. सरांच्या नावाने एमआयटीची फाइल तिथे टाकली. आज लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मन खात होतं म्हणून त्यांची एकेक फाइल उघडून वाचायला बसले. टूलला जे दिसत नाही ते वाचल्यावर दिसतं. जोडाक्षरांच्या भागावर सरांची टीप होती: हे काम माझं नाही, अमुक प्रकल्पातून घेतलं आहे, मूळ लायसन्स जीपीएल व्हर्जन तीन. जीपीएलची अट कडक असते. तो कोड घालून काही वाटलंत, तर सगळंच त्याच लायसन्सखाली वाटा आणि सोर्स, म्हणजे मूळ कोडही, द्या. म्हणजे माझं एमआयटी दोन्हीकडून खोटं. परवानगी नव्हती ती नव्हतीच, वर ते तिथे बसतही नव्हतं. सरांनी दुसऱ्याच्या चार ओळींची कबुली दिली होती, आणि मी त्यांच्याच नावाने धडधडीत खोटं लिहून मोकळी झालेले. फाइल काढून टाकली. माझा प्रोग्रामही जीपीएल तीनवर नेला. अपाचीचं जीपीएल दोनशी जमत नाही, तीनशी जमतं, त्यामुळे बाकी लायब्ररींची अडचण नव्हती. राहिली ती परवानगी.

रविवारी मानपाड्याला गेले. हक्क आता काकूंचे, म्हणजे सरांच्या पत्नीचे, आणि त्यांच्या मुलीचे. सरांचा कोड जीपीएल तीनखाली द्यायच्या परवानगीचा कागद मी दोघींपुढे ठेवून सगळं समजावलं.

"कुणी हे घेऊन विकायला लागलं तर?" काकूंनी विचारलं.

"विकू शकतात काकू. पण घेणाऱ्याला कोड द्यावा लागेल आणि त्यालाही पुढे वाटू द्यावं लागेल. दडवून ठेवता येणार नाही."

"आणि ह्यांचं नाव?"

"ते काढता येणार नाही."

मायलेकींनी सह्या केल्या. मग मला राहवेना. मी आधी काय करून बसलेले ते सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता कागद फाडतील.

काकू रागावल्या नाहीत. पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "अगं, हा कोड वापरू का, असं आजवर त्यांना कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं ना, तर दोन दिवस घरभर सांगत फिरले असते. तू तर रोज शेजारी बसायचीस. एकदा विचारायचंस गं."

कागद हातात धरून मी त्यांच्यासमोरच रडले.