तिसऱ्या रकान्यातली सातवी ओळ

आमच्या ऑफिसात मावशी खरं तर एकाच मुलीच्या मावशी होत्या. पण ती मुलगी त्यांना दिवसातून पन्नासदा हाक मारायची, म्हणून आम्ही सगळेच त्यांना मावशी म्हणायला लागलो. कोर्टात तीस वर्षं स्टेनो म्हणून काढलेली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, तेव्हा भाचीच्या कंपनीत आल्या, असं लोक सांगतात. खरं उलटं आहे. आधी मावशी आल्या, मग साहेबांच्या मागे लागून त्यांनी भाचीला चिकटवलं. आईविना वाढलेली पोर, मावशींनीच लहानाची मोठी केलेली. तिचं बस्तान बसलं की मी सुटले, असं त्या म्हणायच्या.

कंपनी काय करायची, तर तान्ह्या बाळाच्या छातीला बांधायचा पट्टा. झोपेत बाळाचा श्वास अडकला की आईच्या फोनवर गजर. मी त्या पट्ट्याची चित्रं काढायचो, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्स. 'गजर नव्व्याण्णव टक्के अचूक' सांगणारी ती मोठी हिरवी स्लाइड माझीच. आकडा मला साहेबांनी दिला आणि मी तो रंगवला. कुठून आला, हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारलं असतं की नाही, देव जाणे.

मावशींचं काम गुंतवणूकदारांच्या मीटिंगांचा सारांश करायचं. मीटिंग व्हिडिओवर व्हायची, सगळ्यांना सांगून रेकॉर्ड व्हायची. सॉफ्टवेअर पाच मिनिटांत गोषवारा काढून द्यायचं, तो मावशी वाचायच्या आणि बाजूला ठेवायच्या. मग कानाला हेडफोन लावून पूर्ण मीटिंग तीनदा ऐकायच्या. पहिल्यांदा फक्त प्रश्न, दुसऱ्यांदा फक्त आक्षेप, तिसऱ्यांदा त्यांनी काय काय पाठवायला सांगितलं ते. मी एकदा विचारलं, प्रश्न आणि आक्षेप यात फरक काय करता? त्या म्हणाल्या, "उत्तर दिल्यावर जो मिटतो तो प्रश्न. उत्तर दिल्यावरही जो खुर्चीत बसून राहतो तो आक्षेप." प्रत्येक ओळीपुढे कितव्या मिनिटाला, कोण बोललं, आणि उत्तर मिळालं, अर्धवट मिळालं की मिळालंच नाही.

त्या मंगळवारच्या मीटिंगला समोर तिघं होते. एक लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई, एक हिशेबी चष्मेवाला आणि एक म्हातारे गृहस्थ, जे बहुतेक वेळ डोळे मिटून होते. आमच्याकडून साहेब आणि काही तांत्रिक निघालंच तर म्हणून चाचणीच्या नोंदी सांभाळणारी भाची, आपापल्या जागेवरून. सॉफ्टवेअरच्या गोषवाऱ्यात एक ओळ होती, 'चाचणीच्या माहितीवर चर्चा झाली, शंकांचे निरसन झाले.'

मावशींनी तीन वेळा ऐकलं आणि ती एक ओळ फुटून तीन झाली. बाराव्या मिनिटाला डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, की गजर वाजायला हवा होता पण वाजला नाही, असं किती वेळा झालं? साहेबांनी नव्व्याण्णव टक्के सांगितलं. प्रश्न 'किती वेळा' हा होता. एकतिसाव्या मिनिटाला चष्मेवाला म्हणाला, "ही आकडेवारी साफ कोणी केली, आणि साफ करताना टाकून काय दिलं?" साहेब म्हणाले, आमची टीम फार काटेकोर आहे. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. "अहवाल नको. मूळ नोंदी पाठवा, एकही न वगळता." साहेब म्हणाले, हो हो, अवश्य.

तीन तोंडं, पण शंका एकच. मावशींनी पहिले दोन आक्षेपांत घातले, पुढे लिहिलं 'उत्तर नाही'. तिसरा मागणीच्या यादीत गेला, सातव्या ओळीत.

पण बाराव्या मिनिटाशी त्या अडून बसल्या होत्या. हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. साहेबांच्या आधी एक बारीक आवाज येतो, "तसं अकरा वेळा..." आणि कापल्यासारखा तुटतो. मीटिंग साहेबांच्या हातात होती. त्यांनी भाचीचा माइक बंद केला होता.

मावशींनी भाचीला पँट्रीत नेलं. मी चहाच्या निमित्ताने आत होतो आणि बाहेर पडलो नाही.

"अकरा काय गं?"

"गजर न वाजल्याच्या नोंदी. पट्टा सैल होता म्हणून वगळ, म्हणाले साहेब. मी वगळल्या."

"होता का सैल?"

"चारांत होता. बाकीच्या सातांचं मला नाही माहीत, मावशी." ती कपाकडे बघत राहिली. "ती बाळं ठीक आहेत. त्या वेळी आया जाग्या होत्या."

चारशे पट्टे तेव्हा घरोघर गेलेले होते.

मावशींनी सारांश जसा होता तसा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी सातवी ओळ बोटाने दाबून धरली. "इथे 'चाचणी अहवाल' एवढंच करा ना."

"ते अहवाल नको म्हणाले. रेकॉर्डिंग आहे."

साहेबांचं बोट ओळीवरून पुढच्या दोन रिकाम्या रकान्यांकडे सरकलं. मग एकदम गोड झाले. "तुमचंच बरोबर, मावशी. पाठवा त्यांना, जसंच्या तसं. फक्त कोण देणार आणि कधीपर्यंत, ते रकाने भरा."

साहेब इतक्या सहज कधी हरत नसत. मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती. मावशींनाही वाटायला हवी होती, पण रिकामा रकाना त्यांना बघवायचा नाही. मूळ नोंदी भाचीच्या ताब्यात, म्हणून 'कोण देणार' या तिसऱ्या रकान्यात भाचीचं नाव, पुढे शुक्रवार. स्वतःच्या हाताने भरलं आणि यादी तिघांनाही मेलने गेली.

गुरुवारी सकाळी म्हाताऱ्यांचा फोन आला, मेल नाही. साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. बाहेर आले ते हात चोळत. "सातवं नको म्हणतात. अहवालावर भागेल."

"मग तसं लेखी मागवा," मावशी म्हणाल्या.

"एवढ्याशासाठी मोठ्या माणसाला कशाला छळायचं?"

मावशी जागेवर आल्या आणि रेकॉर्डिंग उघडायला गेल्या. ते नव्हतं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, जागा भरली होती, जुनं काढून टाकलं. मंगळवारचं, गुरुवारी जुनं.

"तुमचा कागद मात्र फाइलला लावलाय बरं का," ते म्हणाले. "एक शब्द बदलला नाही. त्यांच्याकडेही आहेच."

मावशी खाली बसल्या. काय झालंय ते त्यांना माझ्या आधी कळलं; कोर्टात हयात गेलेली बाई ती. उद्या एखाद्या घरात गजर वाजला नाही, तर गुंतवणूकदार दाखवतील, आम्ही मागितलं होतं. साहेब दाखवतील, मी पाठवायला सांगितलं होतं. नको म्हणाल्याचा कुठेही ठिपका नाही. आणि नोंदी वगळणारी, द्यायच्या त्या न देणारी एकच, तिचं नाव मावशींच्या नेटक्या अक्षरात.

शुक्रवारी भाची म्हणाली, "माझ्याच नावावर आहे ना? मग मीच पाठवते, अकराच्या अकरा." तिने नोंदींचा फोल्डर उघडायला घेतला. तो उघडेना. तिचे अधिकार आदल्या संध्याकाळी काढून घेतले होते.

मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मी लिहिलं," त्या म्हणाल्या, "मी तुझं नाव लिहिलं." पलीकडे साहेब कुरिअरवाल्याला नव्या पट्ट्यांची खोकी मोजून देत होते.