टोस्टमधून गाळलेल्या इडल्या

लग्नात टोस्ट हवाच, हा हट्ट नवरीचा. नवरा माझा जिवलग मित्र, पनवेलजवळच्या गावातला आगरी. नवरी तमिळ, वाढलेली करंजाड्यात, वडील न्हावा शेव्याला नोकरीला. टोस्ट म्हणजे ग्लास उंचावून जोडप्याबद्दल चार शब्द बोलायचे, हे मी मित्राच्या काकांना तीनदा समजावलं. "म्हंजे भाषानच हाय ना," ते म्हणाले, आणि टोस्टसाठी वाटलेलं कोकम सरबत त्यांनी तिथल्या तिथे पिऊन टाकलं.

हट्टामागे कारण होतं. नवरीची आजी, तिची पाट्टी, मदुराईजवळच्या खेड्यातून आलेली. तिला तमिळशिवाय काही येत नव्हतं आणि तिच्या मते मुलगा गर्विष्ठ होता. पहिल्या भेटीत तो तिच्याशी अक्षरही बोलला नव्हता. "परवा ती गावी जाईल," नवरी मला म्हणाली. "अशी मनात अढी धरून गेली तर मला फार लागेल. तू तरी काही बोल." मी लगेच छाती फुगवून हो म्हणालो.

दुभाषी होती नवरीची धाकटी बहीण. तिने माझी तालीम शाळेतल्या कडक बाईंसारखी घेतली. दोन वाक्यं बोलायची की थांबायचं. बघायचं पाहुण्यांकडे, तिच्याकडे नाही. मराठी बाजू आधी हसणार, तमिळ बाजू नंतर. ते दुसरं हसू ओसरेपर्यंत पुढचं वाक्य काढायचं नाही. माझ्या सगळ्या शाब्दिक कोट्या तिने निर्दयपणे खोडल्या. "घडलेलं काही सांग," म्हणाली. "ते पलीकडे पोचतं."

घडलेलं एकच भारी होतं आणि नेमकं तेच आजीसमोर सांगण्यासारखं नव्हतं. पण मित्राची टर उडवल्याशिवाय त्याच्या गावकऱ्यांना जेवण गोड लागलं नसतं. मग आम्ही दोघांनी अक्कल चालवली. मराठीत सगळं सांगायचं आणि तमिळमध्ये फक्त 'मुलगा जरा लाजाळू आहे' एवढंच.

नवीन पनवेलच्या त्या हॉलमध्ये सुरुवात झकास झाली. मग मी ती गोष्ट काढली. आजीला पहिल्यांदा भेटायचं म्हणून हा पठ्ठ्या तीन महिने रोज सकाळी इडलीवाल्या अण्णांकडे उभा राहून तमिळचं एक वाक्य घोकत होता. प्रत्यक्षात नवरीच्या घरी आजी समोर आली आणि याची वाचा बसली. ती इडली वाढायला आली की हा 'पुरे' म्हणायच्या ऐवजी नुसते हात जोडायचा. तिला वाटायचं, अजून मागतोय. अशा चौदा इडल्या. खाली येऊन त्या त्याने बिल्डिंगमागे ओकल्या आणि मग बाईकला टेकून ते अख्खं वाक्य एका दमात म्हणाला. मला!

हॉल कोसळायचा बाकी राहिला. बहिणीने तिचं छोटं वाक्य म्हटलं. तमिळ बाजू शांत. फक्त नवरीचे वडील, ज्यांना मराठी उत्तम येतं, उपरण्याने डोळे पुसत हसत होते. आजीने हसणाऱ्या आपल्या लेकाकडे, नवरीच्या वडिलांकडे पाहिलं, आमच्या बाजूकडे पाहिलं आणि उभी राहून खणखणीत आवाजात काही विचारलं. बहीण पांढरी पडली.

"पाट्टी म्हणतेय, ते लोक इतका वेळ हसले, आणि आम्हाला एकच वाक्य? मुलात काय खोट आहे ते लपवू नका."

नवरीने माझ्याकडे असं पाहिलं की कोकम सरबतात बुडून मरावंसं वाटलं. आमच्या हुशारीचा पत्ता नसलेले वडील भाबडेपणाने उठले आणि माइक हातात घेऊन सगळं तमिळमध्ये सांगू लागले. हात जोडून दाखवले, ओकूनही दाखवलं. तमिळ बाजू खदखदून हसली. आजी हसली नाही. वडील गोष्टीत बाईकपाशी पोचले तेव्हा तिने त्यांना थांबवून काही विचारलं.

वडील मित्राकडे वळले. "आई विचारतेय, ते वाक्य काय होतं?"

मित्राने माइक धरला. ओठ दोनदा हलले, आवाज फुटेना. आता हाही डाव गेला, असं मला वाटलं. मग तो बोलला, हळूहळू, पाढा म्हटल्यासारखं. वडिलांनी आम्हाला सांगितलं, "आजी, प्रवासात दमला असाल. बसा, मी पाणी आणतो."

आजी त्याच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत बसली.

"कोंडु वा," ती म्हणाली.

"आण म्हणतेय," वडील म्हणाले.

मित्र शेरवानी सावरत स्टेजवरून उडी मारून थेट पाण्याच्या जारकडे धावला. "आरं, कुनाला तरी सांग ना!" त्याची आई ओरडली. "नाय, मीच नेतो," तो धावता धावताच म्हणाला. अर्धं पाणी वाटेत सांडलं. आजीने ग्लास घेतला, बाजूला ठेवला आणि आधी पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. माझा टोस्ट अर्धाच राहिला, कारण मी रडत होतो.