शेवटच्या मेलमधलं राहून गेलेलं वाक्य

लातूरच्या आमच्या ऑफिसात सहा माणसं आणि एक चहाचा थर्मास. फ्रान्समधल्या तीन रोपवाटिकांसाठी आम्ही साठ्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर केलं, तेव्हा त्यांच्या मालकीणबाईंशी होणारा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. मी नांदेडची, पुण्यात फ्रेंच शिकले. बाईंना इंग्रजी येत होतं, पण स्वतःच्या भाषेत लिहिलं की त्या खुलायच्या.

काम संपलं. आता आभाराची मेल लिहायची होती. वरवर साधी गोष्ट, पण तिच्यावर एका मुलीची नोकरी लटकली होती. आमचं सॉफ्टवेअर तपासणारी मुलगी उदगीरहून रोज बसनं यायची. घरी आई आजारी, म्हणून पुण्याची नोकरी सोडून आलेली. कंपनी सरांची; त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "ह्यांचं पुढचं काम आलं तर राहा, न्हाई आलं तर माझा विलाज न्हाई." आणि पुढचं काम होतं! बाई एका कॉलवर बोलता बोलता म्हणाल्या होत्या की शरद ऋतूत गिऱ्हाइकांसाठी मोबाइल ॲप करायचा विचार आहे.

मी मसुदा केला. आधी विश्वासाबद्दल आभार. मग काय साधलं ते: तिन्ही रोपवाटिकांचा साठा आता एकाच पडद्यावर दिसतो, विकून संपलेल्या रोपाची ऑर्डर घेतली जात नाही, महिनाअखेरची मोजणी सोपी झाली. मग सोपवलेली कागदपत्रं, आणि काही अडलं तर कुणाला विचारायचं. शेवटी लिहिलं: "तुम्ही ॲपबद्दल बोलला होता. आम्ही त्याचा आराखडा करून पाठवू का? पुढच्या आठवड्यात अर्धा तास बोलता येईल का?"

सरांनी मराठी अर्थ ऐकला आणि नकारार्थी मान हलवली. त्यांच्या वडिलांचं देगलूरला कापडाचं दुकान. गिऱ्हाईक पिशवी घेऊन पायरी उतरत असताना 'पुन्हा कधी येणार' असं विचारायचं नाही, हा त्या दुकानाचा नियम. विचारलं की गिऱ्हाईक आणि मान दोन्ही जातात, अशी त्यांची पक्की समजूत.

"मॅडम, आभार मानता मानता हात पसरायचा का? लई वाईट दिसतंय ते."

"सर, तिकडं कुणी वाईट मानत नाही. उलट विचारलं नाही तर गरज नाही असं समजतात."

"चांगलं काम केलंय आपण. येतील आपल्या पायानं. तुम्ही उगंच घाई करून राहिल्या."

शेवटी तडजोड झाली. ॲपचं नाव काढलं आणि 'आम्ही सदैव आपल्या सेवेत आहोत' या अर्थाचं वाक्य घातलं. सरांना ते फार आवडलं. त्यांना त्यात नम्रता दिसली, मागणीही दिसली. फ्रेंचमध्ये ते वाक्य वीजबिलाखालीसुद्धा असतं. मी तसं सांगितलंही. "असू द्या की," म्हणाले.

मेल गेली. लगेच 'मेर्सी', म्हणजे साधं धन्यवादही नाही की काही नाही. उदगीरची मुलगी दुपारी डबा उघडता उघडता विचारायची, "ताई, आलं का काही?" मला त्या प्रश्नाचा राग यायचा, आणि राग आल्याची लाज वाटायची. महिना सरला. तिनं पुण्याच्या जुन्या कंपनीला फोन केला, आईसाठी शेजारची बाई ठरवली.

उत्तर आलं ते ती निघायच्या आदल्या दिवशी. लांबलचक, मायेनं लिहिलेलं. सुट्टीवर होते म्हणून उशीर झाला, माफ करा. तुमच्यासारखी माणसं विरळाच. ॲपबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, तेव्हा तुम्हाला सवड नसेल असं समजून ते जवळच्या गावातल्या एका कंपनीला दिलं, गेल्या सोमवारी सही झाली. आणि शेवटी: तुमच्याकडे चुका शोधणारी जी कुणी आहे तिला आमचे खास आभार कळवा, तिनं शोधलेल्या चुकांच्या नोंदी आम्ही नव्या कंपनीच्या लोकांना नमुना म्हणून दिल्यात.

सरांना वाचून दाखवलं. "विचारायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला मी पहिल्यांदाच लहान झालेलं पाहिलं, आणि माझं बरोबर होतं याचा मला तसूभरही आनंद झाला नाही.

उदगीरची मुलगी टेबलाचा खण रिकामा करत होती. फ्रेंच अक्षरं पडद्यावर दिसली तशी धावत आली.

"ताई, आलं? काय म्हणतात?"

"तुझं काम लई आवडलं म्हणतात. तुझे खास आभार मानलेत."

तिचा चेहरा उजळला. "हाव? माझे? मग राहू का मी?"