वीस तारखेचे रात्री दीड

तिसरा कोस संपत आला तेव्हा सत्यभामाबाईंनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. चिखल इतका होता की वहाणच त्यांना ओढत होती, त्या वहाणेला नव्हे. भाद्रपदाचं ऊन ढगांतून मधूनच उतरायचं आणि ज्वारीवरून सरकत जायचं, तसा आमच्यापुढचा रस्ता कधी पिवळा, कधी निळसर दिसायचा. पिंपळगाव राजा अजून दोन-अडीच कोस होतं. खामगावहून निघणारी मोटार आठ दिवस चिखलामुळे बंद होती.

"दमली का वं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग चाल. बोलत चाल, वाट लहान होते."

बोलायला विषय एकच होता. तो त्यांच्या कमरेला खोचलेल्या पिशवीत घडी घालून ठेवला होता. एक छापील प्रूफ आणि त्याचा मूळ कागद.

हे एकोणपन्नास सालचं. मी आणि सत्यभामाबाई खामगावात वामनरावांच्या छापखान्यात काम करत होतो. लग्नपत्रिका, बाजाराच्या पावत्या, देवाच्या आरत्या असं सगळं तिथे छापायचं. मी मूळ कागद मोठ्यानं वाचायची, त्या प्रुफावर बोट ठेवून ऐकायच्या. वय पन्नाशीचं, कपाळ मोकळं. नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेलेला, मूलबाळ नाही. वडील जलंबला रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते. त्यांच्या मागे मागे फिरताना पोरवयात त्या अक्षरं शिकल्या त्या स्टेशनावरच्या पाट्यांवरून.

त्यांची वाचायची रीत निराळी होती. मजकूर एकदा माझ्याबरोबर वाचून झाला की त्या एकट्या बसायच्या. आधी नुसत्या तारखा वाचायच्या. मग नुसते वार, पंचांग शेजारी उघडं ठेवून. मग नुसत्या वेळा. आणि शेवटी सगळे आकडे खालून वर. म्हणायच्या, "वरून खाली वाचलं की गोष्ट वाहून नेते माणसाले. खालून वाचलं की आकडा एकटा उभा राह्यते, मंग तो खोटं बोलू शकत नाई."

पिंपळगावच्या भगवानरावांच्या घरचा कागद असाच आला. अकरा माणसं गयेला निघाली होती. त्यांचा धाकटा पुतण्या हिंमतराव याने प्रवासपत्रक लिहून दिलं होतं, माणसागणिक एक वाटायचं म्हणून. त्या कागदाला कलकत्त्याच्या विमानाचं एक तिकीट टाचणीने लावून दिलं होतं, नंबर नीट उतरावा म्हणून. त्याच सालापासून टपालाची विमानं रात्री नागपुरात उतरत होती आणि त्यांत माणसांनाही जागा मिळत होती. भगवानरावांच्या आई अन्नपूर्णाबाई पाठीच्या दुखण्यानं गाडीत दोन दिवस बसू शकत नव्हत्या. म्हणून विमान. आणि खरं सांगायचं तर मिरवण्यासाठीही विमान.

पत्रकात असं होतं. दिवस पहिला, सोमवार १९ सप्टेंबर, गाडीने नागपूर, हॉटेलात मुक्काम. दिवस दुसरा, मंगळवार २०, नागपुरातील देवदर्शन, रात्री दीड वाजता विमान. दिवस तिसरा, बुधवार २१, सकाळी कलकत्ता, हॉटेल, रात्री गाडीने गया. दिवस चौथा, गुरुवार २२, सर्वपित्री अमावास्या, गयेस श्राद्ध. पुढे परतीचा प्रवास. त्यात 'दिवस पाचवा' दोनदा पडला होता, तो सत्यभामाबाईंनी पहिल्याच वाचनात धरला आणि खालचे आकडे एकेकाने वाढवले.

दुसऱ्या वाचनात त्या थांबल्या त्या थांबल्याच. तिकिटावर वीस तारीख होती, वेळ १.३० होती. पत्रकातही वीस आणि दीड. सगळं जुळत होतं. मला काहीच दिसेना.

"जुळते म्हणूनच मले भेव वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. "तू सांग, वीस तारीख कधी लागते?"

"सूर्य उगवला की."

"आपली. अन् इमानाच्या कंपनीची?"

मी पंचांगाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माह्या बापाच्या रेल्वेत तारीख रात्री बाराले बदलायची. बाराच्या ठोक्यावर बाबू वहीचं पान उलटायचा. मंगळवारी रात्री दीड म्हणजे कंपनीच्या हिशोबानं एकवीस तारीख. यांच्या तिकिटावर वीस हाये. म्हंजे इमान सोमवारच्या रात्रीच जाते. हे लोक मंगळवारी रात्री जातीन, तवा इमानाले जाऊन पुरा एक दिवस झालेला राहीन."

वामनराव शाईचे हात पुसत म्हणाले, "बाई, आपलं काम कागदाबरहुकूम छापायचं. माणसं शिकलेली आहेत. त्यांनी तिकीट काढलं, त्यांना कळतं."

"पण पत्रक तुमच्या नावाखाली छापून जाते, मालक."

"बदल करायचा तर त्यांची सही पाहिजे. उगीच हिंमतराव नाराज व्हायचा. सहीसाठी त्यांचा माणूसही उद्या यायचा नाही, मोटार बंद आहे."

"मंग मी जातो."

"चिठ्ठी पाठवा कुणाजवळ."

सत्यभामाबाई म्हणाल्या, "चिठ्ठीतून रात्र नाई समजावता येत."

म्हणून ही वाट. शुक्रवार होता. मी आपली त्यांच्यामागे निघाले, शेगावच्या महाराजांचं नाव घेऊन.

चालता चालता माझ्या डोळ्यांपुढे ते विमान येत राहिलं. मी कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. उंचावर एक दिवा सरकतो आहे, आणि त्याच्या आत अकरा माणसं धोतरं-लुगडी सावरून बसली आहेत, आणि खाली ही ज्वारी, ही कपाशी काळोखात झोपलेली. मला वाटलं, खालच्या गावांत अजून सोमवारच आहे. म्हातारी माणसं सोमवारच्याच झोपेत आहेत. आणि वर तो दिवा कधीच मंगळवारात शिरला आहे, कोणालाही न सांगता. कोतवालानं दवंडी दिली नाही, कोंबडा आरवला नाही. पाय चिखलात होते, पण बराच वेळ मला ते जाणवलेच नाहीत.

दुपार कलताना आम्ही भगवानरावांच्या अंगणात पोचलो. शेंगा वाळत घातल्या होत्या. पाय धुऊन ओसरीवर बसलो. भगवानराव साठीचे, शांत गृहस्थ. हिंमतराव त्यांच्या उलट, केसांना तेल, बोलायला चटपटीत. अन्नपूर्णाबाई भिंतीला उशी लावून टेकून बसल्या होत्या.

सत्यभामाबाईंनी कागद उलगडला आणि सांगितलं. हिंमतराव हसला.

"छापखान्यातल्या बायका आता इमानं बी उडवून राह्यल्या काय? तिकिटावर वीस, कागदावर वीस. तिकिटावर दीड, कागदावर दीड. चुकलं कुठी?"

"कुठीच नाई चुकलं," सत्यभामाबाई म्हणाल्या, "म्हणून तर सापडलं नाई."

"म्या नागपूरले सोता पत्र लिहिलं. इंग्रजीत. वीस तारखेच्या रात्रीचं पायजे म्हणून."

"त्यायनं दिलं. त्यायच्या वीस तारखेचं." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाले लेकरू हाये ना? जन्म कवाचा?"

"पोरगी. शुक्रवारची. रात्री दोनले झाली. काऊन?"

"अन् पाटलाच्या जन्माच्या वहीत?"

आतून हिंमतरावाची बायको चहा घेऊन येत होती, तिनेच उत्तर दिलं. "शनिवार लिहेल हाये. मी तवापासून म्हणून राह्यली का पाटलाच्या वहीत चूक हाये."

"चूक नाई, बाई. सुईण सूर्याकडं पाह्यते, पाटलाची वही घड्याळाकडं. दोघंही खरे. पण इमान वहीवालं हाये."

भगवानरावांनी कागदाला टाचलेलं तिकीट हातात घेतलं, चष्मा लावला. मग बोटं मोजली. "सोमवार रात्री बारा वाजले का वीस लागली. त्याच्यानंतर दीड. म्हंजे सोमवारी आपण हॉटेलात झोपून राहू, अन् इमान डोक्यावरून जाईन."

"मंग मंगळवारच्या इमानात बसू," हिंमतराव म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"एकवीस माणसाचं इमान," भगवानराव म्हणाले. "अकरा जागा कोण आपल्यासाठी रिकाम्या ठेवीन? अन् गाडीनं जाऊ म्हटलं तर गुरुवारी गया येतच नाई."

तेव्हा अन्नपूर्णाबाई पहिल्यांदा बोलल्या. "मंग माह्या निवृत्तीचं काय?"

निवृत्ती म्हणजे त्यांचा सगळ्यात धाकटा. पलटणीत गेला, ब्रह्मदेशात हरवला. सरकारी कागद आला, त्यावर दिवस नव्हता. सहा वर्षं त्यांनी वाट पाहिली, आणि आता कुठे मन मानलं होतं. ज्याचा दिवस ठाऊक नाही त्याला सर्वपित्रीचाच एक दिवस असतो.

"सगळ्याच्या पोरायले तिथी असते," म्हातारी म्हणाली. "माह्याले तेवढी एक अमावास्या."

"ती कुठी जात नाई, माय," सत्यभामाबाई त्यांच्या जवळ सरकल्या. "अजून शुक्रवारच हाये."

मग ओसरीवरच सगळं नव्याने लिहिलं. हिंमतराव सांगत होता, मी लिहीत होते, सत्यभामाबाई बोट ठेवत होत्या. नागपूरच्या हॉटेलचा मुक्काम गेला. दिवस पहिला, सोमवार १९: संध्याकाळी नागपूर, जेवण, रात्री अकराला विमानतळावर हजर. त्याखाली त्यांनी वेगळी ओळ घातली: सोमवारची रात्र बारा वाजून उलटल्यावर, म्हणजे मंगळवार २० लागल्यावर, दीड वाजता विमान. दिवस दुसरा, मंगळवार २०: सकाळी कलकत्ता. हॉटेल आता एकवीसऐवजी वीसपासून हवं, म्हणून तार करायची. दिवस तिसरा कलकत्त्यातच, कालीमातेचं दर्शन, रात्रीची गाडी तीच. दिवस चौथा गया. तिथून खाली एकही आकडा हलला नाही. तरी त्यांनी हिंमतरावाला सगळं खालून वर वाचायला लावलं.

"हॉटेलात शिरायची तारीख निघायच्या तारखेतून वजा करा," त्या म्हणाल्या. "किती रात्री आल्या?"

"एक."

"तारेत तेवढंच लिहा."

हिंमतरावाने सही केली. नंतर हलकेच म्हणाला, "बाई, तुमी नसत्या तर म्या आजीले तोंड दाखवलं नसतं."

"दाखवलं असतं," भगवानराव म्हणाले. "विमानतळावर. रिकाम्या."

पहिल्यांदा सगळे हसले. अन्नपूर्णाबाईही.

पत्रकं शनिवारी छापली. माणसं सोमवारी गेली. दसऱ्याच्या आधी हिंमतरावाचं कार्ड आलं, की श्राद्ध वेळेवर झालं, आजीने निवृत्तीचं नाव स्वतःच्या तोंडाने घेतलं, आणि विमानात ती पूर्ण वेळ झोपली. सत्यभामाबाईंनी ते कार्डही सवयीने तारखेपासून वाचलं.

त्या शुक्रवारी भगवानरावांनी आम्हाला दमणी जोडून दिली. ऊन मावळत होतं, बैल आपल्या चालीने चालले होते, आणि दोन्ही बाजूंचं पीक हळूहळू रंग सोडत होतं. गाडीच्या डुलण्यात मला पेंग येत होती. मला वाटलं सत्यभामाबाईही झोपल्या. पण त्या जाग्या होत्या, म्हातारीचंच मनात घोळवत होत्या.

"दिवस नाई म्हणून सहा वर्षं वाट पाह्यली तिनं," त्या म्हणाल्या. "माह्यं तर पुढं-मागं कोणी नाई. तू हायेस. माह्यं एक करशील?"

"सांगा."

"मी जाईन तवा तू जवळ रहा. अन् रात्री गेली तर आधी घड्याळ पाह्य, मंग रड. तारीख लिही, तिथीही लिही, दोन्ही. अन् लिहून झालं का खालून एकदा वाच."