सत्काराला उत्तर

शाळेवरच्या माझ्या कादंबरीत मुख्याध्यापिकेच्या निरोपाच्या भाषणाचा एक प्रसंग आहे. कथा तिथे वळते. ते खरं घडलं का, असं वाचक विचारतात. भाषण खरं आहे. कादंबरीतली बाई भाषण करताना रडते. प्रत्यक्षातल्या बाई रडल्या नाहीत, आणि त्यांनी ते भाषण का केलं याबद्दल मला तेव्हा शंका होती, आजही पूर्ण गेलेली नाही.

शाळा शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला. अनुदानित, पाचवी ते दहावी. माझी बायको तिथे गणित शिकवते. मुख्याध्यापिकेला शाळेत सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्यांची जन्मतारीख, आमच्याकडच्या निम्म्या लोकांसारखी, एक जून. पहिलीत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी हीच तारीख लिहीत. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून बाई एकतीस मेला, ऐन सुट्टीत, निवृत्त होणार होत्या. निरोप समारंभ सुट्टी लागण्याआधी, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ठरला. म्हणजे निरोप घेतल्यावरही महिनाभर त्या मुख्याध्यापिकाच राहणार होत्या. हा तपशील तेव्हा कुणी लक्षात घेतला नाही. बाईंनी घेतला होता.

बाईंनंतर कार्यभार कुणाकडे, हा प्रश्न खरं तर नव्हताच. शाळेची सेवाज्येष्ठता यादी दर वर्षी निघते, सगळे शिक्षक तिच्यावर सही करतात. यादीत बाईंच्या खाली माझ्या बायकोचं नाव होतं. तिची नोकरीची नऊ वर्षं उरली होती. तिच्या खाली एक सर होते, ते संस्थेच्या सचिवांचे साडू. सचिव मुरबाडचे. त्यांना साडू हवे होते, हे स्टाफरूममधल्या खुर्च्यांनाही माहीत होतं. पण ज्येष्ठ शिक्षकाला डावलायचं तर त्याने हक्क सोडला पाहिजे. बायको सोडणार नव्हती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सरांनीच तिला मधल्या सुट्टीत सांगितलं, “मॅडम, तुम्ही अर्ज केला नाही ना, म्हणून मग मी केला. मनात काही ठेवू नका.”

“कसला अर्ज?”

“अहो, सूचना निघाली होती. तुमची सही आहे की.”

आता सूचना वहीबद्दल सांगायला हवं. मुख्याध्यापक त्या वहीत सूचना लिहितात आणि शिपाई ती तास चालू असताना वर्गावर्गात फिरवतो. शिक्षकाने वाचून सही करायची असते. त्या शाळेत वाचत कुणी नसे. एका हातात खडू, दुसऱ्या हाताने सही. शिपाईमामा दारातूनच घाई करत, “करा ना बाई सही, मना अजून नववीत जायचंय.” फेब्रुवारीत कधीतरी, आठवीच्या वर्गात एक समीकरण अर्धं फळ्यावर असताना, बायकोने अशी एक सही केली होती. सरांच्या सांगण्याप्रमाणे त्या सूचनेत असं होतं: मुख्याध्यापकपदाचा कार्यभार स्वीकारण्यास इच्छुक शिक्षकांनी सात दिवसांत संस्थेकडे लेखी अर्ज करावा, अर्ज न केल्यास ते इच्छुक नाहीत असे गृहीत धरले जाईल.

बायको तडक बाईंच्या ऑफिसात गेली आणि वही दाखवा म्हणाली. बाईंनी विचारलं, “सही तुझीच आहे ना?”

“माझी आहे. पण मला वाचायला...”

“मग झालं तर.”

वही कपाटात, कपाटाची चावी लिपिकाकडे, लिपिक रजेवर. तिने झेरॉक्ससाठी अर्ज दिला. अर्जावर आवक क्रमांक पडला, झेरॉक्स मिळाली नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, “अठरा वर्षं त्या बाईच्या हाताखाली काढली. मी वाचत नाही हे तिला माहीत होतं म्हणूनच वही तासाला पाठवली.”

मला ते पटलं. सगळे धागे एकाच दिशेने जात होते.

त्यानंतर चार दिवसांनी बाईंचा मला फोन आला. “तुम्ही पेपरात होतात. माझं भाषण जरा बघता का? शुद्धलेखन वगैरे.” त्यांचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी शाळेत गेलो. त्यांनी आडव्या रेघांचे तीन कागद पुढे केले. दोन कागदांवर सुवाच्य अक्षरात आभार होते: संस्था, सचिव, पालक, माजी विद्यार्थी, स्वयंपाकाच्या ताई. तिसऱ्या कागदावर वर एकच शब्द होता, ‘वाचन’. खाली कोरं.

“इथे काय आहे?”

“ते माझं मी बघते. तुम्ही त्या दिवशी याल ना? पुढे बसा. आणि तुमची ती टिपणांची वही आणा.”

बाई कागद आवरत होत्या तेवढ्यात मी मोबाइलवर तिन्हींचे फोटो काढले. जुनी सवय. बायकोला दाखवले तर ती म्हणाली, “आपल्याला चाचपून बघतेय. आपण काय करणार ते तिला सचिवांना सांगायचंय. जाऊ नका.”

मी गेलो.

समारंभ शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली होता. उन्हाने कापडाचा वास येत होता. अशा कार्यक्रमाचा क्रम ठरलेला असतो: प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मानपत्राचं वाचन, विद्यार्थ्यांची मनोगतं, मग सत्कारमूर्तींचं सत्काराला उत्तर आणि सगळ्यात शेवटी अध्यक्षीय भाषण. अध्यक्ष सचिवच होते. नवा प्रभारी कोण, हे ते आपल्या भाषणात जाहीर करणार, असं सरांनी दोघा-तिघांना सांगून ठेवलं होतं. सरांनी नवा सफारी शिवला होता. एक शिक्षिका बायकोच्या कानाशी पुटपुटली, “नवरदेव बघितलास का गो?” बायको हसली नाही. ती मागच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

बाई उभ्या राहिल्या. पहिले दोन कागद त्यांनी होते तसे वाचले. सचिवांचे आभार मानताना त्यांनी त्यांच्याकडे बघून मान लववली. सचिवांनीही लववली. मग बाईंनी खुर्चीखालच्या कापडी पिशवीतून सूचना वही काढली.

“जाताना मला एक वाचून दाखवायचंय,” त्या म्हणाल्या, आणि फेब्रुवारीतली ती सूचना त्यांनी तारखेसकट, सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट वाचली. परिपाठाला सुविचार वाचावा त्या आवाजात.

पुढचं मी त्याच वेळी टिपून घेतलं होतं, म्हणून जवळजवळ शब्दशः देतो.

“ही सूचना माझ्या अक्षरात आहे. वरून सांगितलं म्हणून लिहिली, असं मी म्हणणार नाही. अक्षर माझं आहे. ती मी तिसऱ्या तासाला फिरवली. स्टाफ मीटिंगमध्ये वाचू शकले असते. वाचली नाही. या शाळेत सूचना वाचून सही करायला मी कधी कुणाला वेळ दिला नाही, आणि ते मला माहीत होतं. ज्येष्ठ शिक्षकाला हक्क सोडायचा असेल तर त्याने तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या इच्छेने लिहून द्यावा लागतो, आणि शिक्षणाधिकारी त्याची खात्री करून घेतात. सूचनेवर सही केली म्हणजे सूचना मिळाली, एवढंच. नकार दिला असं होत नाही. असा नकार माझ्या दफ्तरात नाही. हे मी काल शिक्षणाधिकाऱ्यांना पत्राने कळवलंय. त्याची पोच इथे आहे. धन्यवाद.”

त्या बसल्या. मांडवात काय झालं ते फार थोड्यांना कळलं. माझ्या मागे दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“काय वाचलान गो तिनं?”

“कागदाचं काय तरी हाय. आपल्याला नाय कलत.”

“रडली पन नाय.”

“रडंल ना घरी जाऊन.”

सातवीतल्या मुलांनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. सर वाजवायचे थांबले आणि परत वाजवू लागले. मी मागे वळून बघितलं. बायको खाली बघत होती.

सचिव उठले. त्यांच्या हातात लिहिलेला कागद होता, तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला. “बाई आज भावनेच्या भरात बोलल्या. निरोपाच्या दिवशी असं होतं. संस्था योग्य वेळी योग्य तो निर्णय घेईल. आता सगळ्यांनी जेवून जा.” नाव त्यांनी जाहीर केलं नाही. एका अध्यक्षीय भाषणात एवढी कमी वाक्यं मी त्याआधी किंवा नंतर ऐकलेली नाहीत.

जेवणात मसालेभात आणि जिलेबी होती. रांगेत लिपिक माझ्यापुढे होता, रजेवरून परतलेला. मी त्याला सहज विचारलं, बाईंचे पेन्शनचे कागद कुठवर आलेत. तो म्हणाला, “ते कधीच गेले. फक्त संस्थेचा ना-चौकशी दाखला अडला होता. सचिव दोन महिने सही देत नव्हते. काल सकाळी दिली.”

“काल सकाळी?”

“हां. अकराला. मीच आणला मुरबाडवरून.”

निवृत्त होणाऱ्यावर कुठली चौकशी चालू नाही, असा हा दाखला संस्था देते. तो नसेल तर निवृत्तिवेतनाचं प्रकरण अडतं. शिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्रावरची पोच मी बाईंकडे मागून बघितली होती. तीही कालचीच, दुपारची.

शिक्षणाधिकाऱ्यांपुढची सुनावणी मेच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्याला झाली. बायको, सर आणि सचिवांचा माणूस हजर होते. बाई साक्षीला आल्या, अजून मुख्याध्यापिका म्हणूनच. त्यांनी वही दाखवली आणि भाषणात सांगितलं तेच पुन्हा लिहून दिलं. बायकोने तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं की मी हक्क सोडलेला नाही. सगळं मिळून वीस मिनिटं. येताना मी, बायको आणि बाई असे तिघं शहापूरला उतरलो आणि स्टँडसमोर रसवंतीत बसलो. बाईंना पुढे खर्डीला जायचं होतं.

बायकोने ग्लास तसाच ठेवला. “बाई, एक विचारू? तो दाखला मिळाला नसता तर?”

बाईंनी रुमालाने कपाळ पुसलं. “तर बोलले नसते.”

“म्हणजे मला...”

“तुला घालवलं असतं. हो. मी एकटी आहे गं. दुसरं काही नाही माझ्याकडे.” रुमालाची घडी करत त्या म्हणाल्या, “सूचना लिहिली तेव्हा दाखल्याचीच भीती होती. दाखला हातात पडला, मग तुझी आठवण झाली. तुला काय मानायचं ते मान.”

मी रसाचे पैसे द्यायला उठलो. परत आलो तेवढ्यात बाईंची रिक्षा भरली आणि त्या गेल्या.

बायकोला मुख्याध्यापिका म्हणून सह्यांचे अधिकार दिल्याचं पत्र जुलैत आलं. मी म्हणालो, बाईंना फोन करून सांग. ती म्हणाली, “त्यांना कळलं असेल.” फोन तिने केला नाही. दिवाळीला मी केला. बाईंनी शाळेचा पट विचारला, गणिताला नवीन कोण आहे ते विचारलं. तिच्याबद्दल काही विचारलं नाही.