वरीलप्रमाणे

नांदुऱ्याच्या उजेड वाचनालयात आसमाताईंना कुणी घाबरत नसे, पण पुस्तक परत देण्याआधी पानाचा कोपरा दुमडलेला नाही ना, हे प्रत्येकजण एकदा बघून घेई. त्यांना बोलावं लागत नसे. त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवून तो सरळ करत, तेवढं पुरे होई. घरीही तसंच. त्यांचे यजमान मतीनभाई गाद्या-रजया भरण्याचं दुकान चालवत. ते पाहुण्यांना सांगत, "आमच्या घरात मिठाच्या डब्यावर पण चिठ्ठी आहे. अन् आत मीठच असते."

त्यामुळे वाचनालयानं परिसरातल्या लोकांच्या हस्तलिखित डायऱ्या जमवून टाइप करून ठेवायचं ठरवलं, तेव्हा समन्वयक कोण, यावर चर्चा झाली नाही. डायऱ्या आल्या, टाइप करायला स्वयंसेवकही आले आणि पहिल्याच महिन्यात घोळ झाला. एकानं तारखा अक्षरी लिहिल्या, एकीनं आकड्यात. शाळेतून निवृत्त झालेल्या बेबीताईंनी सगळं शुद्ध करून टाकलं. एकानं तर शेषराव पाटलांच्या डायरीतली दोन पानं वाचून स्वतःच्या शब्दांत चार ओळी लिहिल्या आणि खाली 'थोडक्यात' असं लिहिलं.

आसमाताईंनी मग सगळ्यांना पत्र लिहिलं. मूळ वही घरी न्यायची नाही, फोटोवरून टाइप करायचं. अक्षरं युनिकोडमध्येच. नवं पान सुरू झालं की चौकटी कंसात पान क्रमांक. दिवसाची तारीख वर एकाच पद्धतीनं, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. आणि लिहिणाऱ्यानं तारीख जशी लिहिली असेल तशी खाली मजकुरातही. भाषा सुधारायची नाही. वाचता आलं नाही तर [अवाच्य], शंका असेल तर शब्दापुढे [?], खोडलेलं वाचता येत असेल तर [खोडलेले] म्हणून तेही. एकानं टाइप केलेलं दुसऱ्यानं मुळाशी ताडून बघायचं. शेवटी छापील प्रत वही देणाऱ्याला दाखवायची आणि त्याची संमती आल्यावरच ती वाचकांसाठी ठेवायची.

हे सगळं ठीक होतं. घोटाळा नवव्या नियमात होता. शेषराव पाटील रोज 'पहाटे उठलो, विहिरीवरची मोटार चालू केली' असं लिहीत आणि टाइप करणारे कंटाळले होते. आसमाताईंनी त्यांची सोय पाहिली. त्यांनी लिहिलं: 'रोज तोच मजकूर येत असल्यास तो एकदाच टाइप करावा. पुढील दिवशी [वरीलप्रमाणे] असे लिहावे.' शेषरावांचे चिरंजीव छापील प्रत बघून खूश झाले. वाचायला सोपी झाली म्हणाले.

मग मनकर्णाबाईंच्या डायऱ्या आल्या. आलेल्या सगळ्या डायऱ्यांत बाईमाणसाच्या तेवढ्याच. मनकर्णाबाई जवळच्या खेड्यातल्या. सून घरात यायच्या वयात त्या साक्षरता वर्गाला गेल्या आणि बियाण्याच्या दुकानातून दरवर्षी फुकट मिळणाऱ्या डायरीत लिहू लागल्या. अक्षर मोठं, ओळीवरून खाली घसरणारं. 'पाणी भरलं. सैपाक केला. भांडे घासले. वावरात गेली.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मधूनच कुणाचं लग्न, म्हशीचं वासरू, जावयाचा रुसवा; आणि पुन्हा पाणी भरलं.

या डायऱ्या योगिनीकडे गेल्या. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती आणि नियम पाठ करायची तिला सवयच होती. तिनं नववा नियम अचूक लावला. बेबीताईंनी ताडून पाहिलं, तेही नववा नियम धरूनच. मनकर्णाबाईंची पहिली डायरी छापून आली, ती बारीकशी निघाली.

प्रत घरी पोचली आणि आठवड्याच्या आतच मनकर्णाबाई कापडी पिशवी घेऊन वाचनालयात हजर झाल्या. त्यांनी छापील कागद टेबलावर ठेवले आणि डायऱ्या परत मागितल्या. आसमाताईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. काय चुकलं, विचारलं.

मनकर्णाबाईंनी एका पानावर बोट ठेवलं. तारीख, [वरीलप्रमाणे]. तारीख, [वरीलप्रमाणे]. पान संपेपर्यंत तेच.

"हे कोनं लिवलं?"

"ते आमच्या नियमानं आहे, मावशी. रोज तेच असलं की..."

"म्या तं असं लिवलं नाई. मले बी येत होतं ना लिवाले. काल पानी भरलं म्हनून आज रांजन भरेलच होता काय?"

योगिनी शेजारच्या टेबलावर होती. तिला हसू आलं, मग ते जिरलं.

संमतीपत्रात काय आहे ते आसमाताईंना ठाऊक होतं. ते त्यांनीच लिहिलं होतं. देणाऱ्यानं माघार घेतली की वही परत करायची आणि तिचे फोटोही पुसून टाकायचे. म्हणजे कपाटात उरणार मोटार चालू करणारे शेषराव आणि त्यांच्यासारखेच. त्या म्हणाल्या, "थोडं थांबा," आणि मूळ डायरी काढून छापील पानाशी लावली. त्या स्वतः कधी ताडत नसत, ते काम दुसऱ्यांचं होतं.

एक दिवस जुळला, दुसरा जुळला. पुढच्या एका दिवशी मूळ पानावर 'पाणी भरलं. भांडे घासले.' एवढंच होतं. छापील पानावर [वरीलप्रमाणे]. योगिनीची नजर घसरली होती, बेबीताईंचीही.

"इथं सैपाक नाही," आसमाताई म्हणाल्या.

मनकर्णाबाईंनी डायरी जवळ ओढली. "ताप होता. केला नाई तं कशी लिवीन?"

सकाळी आसमाताईंनीही पोळ्या केल्या होत्या, आणि मतीनभाईंनी डबा उघडून 'रोजचंच' असं म्हटलं होतं, ते त्यांना आत्ता लागलं. त्यांनी मनकर्णाबाईंना डायऱ्या आणखी काही दिवस राहू द्या, अशी विनंती केली. मनकर्णाबाईंनी हो-नाही काही केलं नाही. पिशवी मात्र खुर्चीवर मुद्दाम ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नवं पत्र गेलं. नियम नऊ रद्द. 'जसे लिहिले आहे तसे, आणि जितक्या वेळा लिहिले आहे तितक्या वेळा टाइप करावे. आधी टाइप केलेली पाने मुळाशी पुन्हा ताडावीत. चूक नियमाची होती, टाइप करणाऱ्यांची नाही.' बेबीताईंनी लगेच फोन करून आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असं सांगितलं, जे खरं नव्हतं. योगिनी चिडली. परीक्षा तोंडावर आलेली.

"ताई, एकदा टाइप करून खाली चिकटवत जाते. पाच मिनिटांत होईल."

"मग तापाच्या दिवशी पण सैपाक चिकटेल."

आसमाताईंनी योगिनीला अभ्यासाला सोडलं आणि ती डायरी स्वतःकडे घेतली. दुपारी वाचनालय रिकामं असताना त्या टाइप करत. पाणी भरलं. सैपाक केला. भांडे घासले. काही दिवसांनी बोटं न बघता चालू लागली, तेव्हा त्या मुद्दाम थांबून मूळ ओळ बघत. योगिनी अधूनमधून पुस्तक मिटून यायची आणि न सांगता ताडायला बसायची.

मनकर्णाबाई बाजारच्या दिवशी आल्या. चष्मा विसरला म्हणाल्या, वाचून दाखव. आसमाताईंनी छापील प्रत पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. महिनाभराचं वाचून झालं तेव्हा आसमाताईंचा घसा सुकला होता.

"लई काम केलं बाई म्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पुढचा महिना वाच."

तोही वाचून झाल्यावर त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली, अक्षर ओळीवरून खाली घसरलं. मग खुर्चीवरची रिकामी पिशवी उचलली, झटकली आणि भाजी घ्यायला बाजारात गेल्या.